बंद गर्भनलिका आणि डाय टाकून काढलेला एक्स-रे

गर्भाशयाच्या वरच्या दोन्ही कोपऱ्यांतून एकेक नळी निघते आणि ती त्या बाजूच्या बीजांडकोशापर्यंत पोचते. या नळ्यांना गर्भनलिका किंवा बीजवाहिनी म्हणतात. दवाखान्यात मात्र बहुतेक वेळा ‘ट्यूब’ हाच शब्द ऐकू येतो. इटलीतील पादुआ विद्यापीठाचे शरीरशास्त्रज्ञ गाब्रिएले फॅलोपियो यांनी १५६१ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात या नळ्यांचे नेमके वर्णन केले, म्हणून त्यांना फॅलोपियन ट्यूब असे नाव पडले. प्रत्येक नळी साधारण १० ते १२ सेंटिमीटर लांब असते, पण तिची जाडी सगळीकडे सारखी नसते. गर्भाशयाच्या भिंतीतून जाणारा तिचा सुरुवातीचा भाग इतका अरुंद असतो की आतली पोकळी जेमतेम एक मिलिमीटर किंवा त्याहूनही कमी भरते. पुढे ती हळूहळू रुंदावते आणि बीजांडकोशाजवळच्या टोकाला झालरीसारखी उघडते.

ही झालर बीजांडकोशाला चिकटलेली नसते. बीज बाहेर पडण्याच्या सुमारास ती बीजांडकोशावरून फिरते आणि सुटलेले स्त्रीबीज उचलून आत घेते. नळीच्या आतल्या अस्तरावर अतिसूक्ष्म केसांसारखे तंतू असतात. ते सतत गर्भाशयाच्या दिशेने हलत असतात, आणि त्यांच्या हालचालीमुळे व नळीच्या स्नायूंच्या आकुंचनामुळे बीज पुढे सरकते. शुक्राणू उलट दिशेने, गर्भाशयातून वर येतात. दोघांची भेट नळीच्या रुंद भागात होते. स्त्रीबीज सुटल्यावर १२ ते २४ तासच टिकते, त्यामुळे फलन होते ते नळीतच. तयार झालेला गर्भ पुढचे तीन-चार दिवस नळीतच वाढत, विभागत राहतो आणि मगच गर्भाशयात उतरतो. म्हणजे नळी ही केवळ ये-जा करण्याची वाट नाही. बीज उचलणे, फलनाला जागा देणे, पहिले काही दिवस गर्भाला पोसणे आणि त्याला योग्य वेळी पुढे पोचवणे ही सारी कामे तिचीच आहेत. तपासणीचा अहवाल वाचताना हे ध्यानात ठेवावे लागते, कारण डायची चाचणी यांपैकी एकच गोष्ट पाहते: नळीतून पातळ द्रव पलीकडे जातो की नाही.

स्त्रीमधील वंध्यत्वाच्या कारणांत नळ्यांचा दोष साधारण एक चतुर्थांश ते एक तृतीयांश स्त्रियांमध्ये आढळतो. दोन्ही नळ्या पूर्ण बंद असतील तर शुक्राणू आणि बीज यांची गाठच पडत नाही. पाळी नियमित येते, बीजही दर महिन्याला सुटते, रक्ताच्या तपासण्या चांगल्या येतात, तरी गर्भ राहत नाही. बंद नळीची स्वतःची अशी काही खूण बाहेर दिसत नाही. पोटात दुखत नाही, पाळी चुकत नाही, आणि नेहमीच्या सोनोग्राफीत निरोगी किंवा साधी बंद नळी दिसतही नाही. म्हणूनच वर्षानुवर्षे प्रयत्न करूनही दोष कुठे आहे ते कळत नाही. एकच नळी बंद असेल आणि दुसरी निरोगी असेल, तर मात्र नैसर्गिक गर्भधारणा होऊ शकते. एका बाजूच्या बीजांडकोशातून सुटलेले बीज दुसऱ्या बाजूच्या नळीने उचलल्याची उदाहरणेही वैद्यकात नोंदलेली आहेत.

नळी दोन ठिकाणी बंद होते आणि दोन्हींचा अर्थ वेगळा असतो. पहिली जागा गर्भाशयाच्या कोपऱ्याजवळची. तिथे पोकळी फारच अरुंद असल्याने घट्ट स्राव, जुन्या पाळीतले कण किंवा अस्तराचा लहानसा गुठळा अडकला तरी वाट अडते. असा अडथळा कधीकधी कायमचा नसतो. दुसरी जागा झालरीच्या टोकाची. तिथे सूज येऊन झालरीचे पदर एकमेकांना चिकटले की टोक शिवून टाकल्यासारखे बंद होते. नळीच्या आत तयार होणारा स्राव मग बाहेर पडू शकत नाही, साचत जातो आणि नळी पाण्याने फुगते. याला हायड्रोसाल्पिंक्स म्हणतात. फुगलेली नळी कधी सोनोग्राफीत दिसते, आणि तशी दिसली तर आतले अस्तर बरेचसे खराब झाले आहे असे बहुधा समजावे.

नळी अर्धवट बिघडली तर आणखी एक धोका संभवतो. शुक्राणू अतिशय लहान असल्यामुळे अरुंद झालेल्या वाटेतूनही वर पोचतात आणि फलन होते. पण गर्भ त्यांच्यापेक्षा कितीतरी मोठा असतो, आणि अस्तरावरचे तंतू नष्ट झालेले असतील तर तो पुढे सरकत नाही, नळीतच रुजतो. गर्भाशयाबाहेरची ही गर्भधारणा वाढत गेली तर नळी फुटून पोटात जीवघेणा रक्तस्राव होऊ शकतो. त्यामुळे नळीचा दोष माहीत असलेल्या स्त्रीची पाळी चुकली तर गर्भ नेमका कुठे आहे हे सोनोग्राफीने लवकर पाहून घेतात.

नळ्या खराब होण्याचे सर्वांत मोठे कारण म्हणजे ओटीपोटातला जंतुसंसर्ग. लैंगिक संबंधातून येणारे क्लॅमिडिया आणि गोनोरिया हे जंतू गर्भाशयमुखातून वर चढतात आणि नळ्यांना सूज आणतात. यातला क्लॅमिडिया विशेष फसवा आहे. अनेक स्त्रियांना तो होऊन गेल्याचे कळतही नाही, कारण ताप किंवा दुखणे नसते, अंगावरून जाणेही नेहमीपेक्षा फारसे वेगळे वाटत नाही. स्वीडनमधील लुंड येथे लार्स वेस्ट्रॉम आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ओटीपोटाचा संसर्ग होऊन गेलेल्या स्त्रियांचा अनेक वर्षे पाठपुरावा केला. संसर्ग एकदा झाला तर नळीच्या दोषामुळे वंध्यत्व येण्याचे प्रमाण सुमारे ८ टक्के, दोनदा झाला तर सुमारे २० टक्के आणि तीन किंवा अधिक वेळा झाला तर सुमारे ४० टक्के आढळले. दर वेळी सूज ओसरते, पण मागे व्रण राहतो आणि पुढच्या वेळी तो आणखी वाढतो. बाळंतपणानंतर किंवा अस्वच्छ पद्धतीने केलेल्या गर्भपातानंतर होणारा संसर्ग, फुटलेले अपेंडिक्स, पोटावर पूर्वी झालेल्या शस्त्रक्रिया आणि एंडोमेट्रिओसिस हीदेखील कारणे आहेत. यांत नळी आतून बिघडतेच असे नाही. पुष्कळदा ती बाहेरून आतड्याला, बीजांडकोशाला किंवा गर्भाशयाच्या मागच्या बाजूला चिकटते आणि झालरीला बीजापर्यंत पोचता येत नाही.

भारतात याशिवाय एका कारणाचा विचार करावाच लागतो, तो म्हणजे क्षयरोग. फुफ्फुसात शिरलेला क्षयाचा जंतू रक्तावाटे जननेंद्रियांपर्यंत पोचतो आणि तिथे सर्वांत आधी नळ्यांनाच धरतो. ही घटना मुलगी लहान असताना किंवा वयात येताना घडलेली असू शकते. त्या वेळचा खोकला-ताप विसरला जातो किंवा फुफ्फुसात रोगाची कसलीच खूण राहत नाही. लग्नानंतर मूल होत नाही म्हणून तपासणी सुरू होते तेव्हा कुठे नळ्यांवरचे जुने व्रण सापडतात. काही स्त्रियांत क्षय गर्भाशयाच्या अस्तरालाही खातो आणि पाळी अगदी कमी होते. क्षयरोगविरोधी औषधे जंतूंचा नाश करतात, पण एकदा चिकटून कडक झालेली नळी औषधाने पूर्ववत मोकळी होत नाही. ही गोष्ट रुग्णांना स्पष्ट सांगायला हवी. सहा महिने औषधे घेतली म्हणजे नळ्या उघडल्या, असा समज घेऊन पुढची दोन-तीन वर्षे वाट पाहत घालवणाऱ्या जोडप्यांचे नुकसान वयाच्या रूपाने होते.

नळी उघडी आहे का हे जिवंत शरीरात पाहण्याची पद्धत शंभर वर्षांहून थोडी जुनी आहे. १९१४ साली अमेरिकेत गर्भाशयात चांदीयुक्त द्रव भरून एक्स-रे काढण्याचे पहिले प्रयोग झाले, पण त्या द्रवाने पोटाला त्रास होई. न्यूयॉर्कमधील इसिडोर रुबिन यांनी १९२० मध्ये वेगळा उपाय वापरला. गर्भाशयमुखातून ते हळूहळू वायू सोडत. निदान एक नळी उघडी असेल तर वायू पोटाच्या पोकळीत शिरे, वर पडद्याखाली जमे आणि स्त्री उठून बसली की तिचा खांदा दुखू लागे. खांदा दुखला म्हणजे नळी उघडी, असा तो निष्कर्ष होता. पण कोणती नळी, आणि बंद असेल तर कुठे, हे वायू सांगू शकत नसे. पुढे एक्स-रेत दिसणारी, शरीराला सोसणारी आयोडीनयुक्त द्रव्ये आली आणि आजची चाचणी रूढ झाली. तिचे पूर्ण नाव हिस्टेरोसाल्पिंगोग्राफी, म्हणजे गर्भाशय आणि नळ्या यांचे एक्स-रे चित्रण. रोजच्या बोलण्यात तिला एचएसजी म्हणतात.

या चाचणीची वेळ पाळीवर ठरते. पाळीचा पहिला दिवस म्हणजे रक्तस्राव सुरू झालेला दिवस धरला, तर स्राव पूर्ण थांबल्यानंतर आणि बीज सुटण्याआधी, साधारण सहाव्या ते अकराव्या दिवसादरम्यान चाचणी करतात. स्राव चालू असताना केली तर गर्भाशयाच्या उघड्या रक्तवाहिन्यांत डाय शिरू शकते आणि रक्ताच्या गुठळ्या नळीत ढकलल्या जाऊ शकतात. उशिरा केली तर नुकत्याच राहिलेल्या गर्भावर क्ष-किरण पडण्याची भीती असते आणि जाड झालेले अस्तर नळीच्या तोंडावर येऊन ती खोटीच बंद दिसू शकते. म्हणून पाळी आल्यापासून चाचणी होईपर्यंत संबंध ठेवू नयेत असे सांगतात, आणि पाळी अनियमित असेल तर आधी गर्भचाचणी करून घेतात. अंगावरून दुर्गंधीयुक्त पाणी जात असेल, ताप असेल किंवा ओटीपोटात ताजा संसर्ग असेल तर चाचणी पुढे ढकलावीच लागते, नाहीतर डायच्या दाबाने जंतू वर पोटात ढकलले जातात. आयोडीनयुक्त द्रव्याची अ‍ॅलर्जी पूर्वी आलेली असेल किंवा थायरॉइडचा आजार असेल तर ते आधीच सांगणे आवश्यक असते. आणखी एक क्रम पाळणे शहाणपणाचे. ही चाचणी स्त्रीला त्रास देणारी आहे, पतीची वीर्यतपासणी मुळीच नाही. तेव्हा वीर्यतपासणीचा अहवाल हातात आल्याशिवाय एचएसजीची चिठ्ठी लिहिली जाऊ नये. प्रत्यक्षात हा क्रम अनेक घरांत उलटाच असतो.

चाचणीला स्वतः मोजून दहा-पंधरा मिनिटे लागतात. तासभर आधी दुखणे कमी करणारी गोळी देतात. एक्स-रेच्या टेबलावर स्त्रीला पाठीवर निजवून गुडघे वर घ्यायला सांगतात. स्पेक्युलम घालून गर्भाशयमुख समोर आणतात, जंतुनाशकाने पुसतात आणि त्यातून बारीक नळी आत सरकवतात. ही नळी दोन प्रकारची असते. धातूची असेल तर तिचे शंकूसारखे टोक गर्भाशयमुखात घट्ट बसवावे लागते आणि त्यासाठी गर्भाशयमुख चिमट्याने धरतात. त्या वेळी एक कळ येते. मऊ कॅथेटर असेल तर त्याच्या टोकाचा लहानसा फुगा आत फुगवून तोंड बंद करतात. मग सिरिंजने डाय हळूहळू सोडतात. साधारण ५ ते १० मिलिलिटर पुरते. डाय पाण्यासारखी निवळ असते, पण तिच्यातले आयोडीन क्ष-किरण अडवते, म्हणून पडद्यावर ती पांढरी दिसते. डाय गर्भाशयात भरू लागली की पाळीतल्यासारख्या कळा सुरू होतात आणि सिरिंज थांबली की काही मिनिटांत ओसरतात. सगळ्यांना सारखे दुखत नाही. कुणाला थोडे ताणल्यासारखे वाटते, कुणाला घाम येऊन चक्कर येते. नळ्या बंद असतील तर आतला दाब वाढत जातो आणि दुखणे अधिक असते, पण केवळ दुखले म्हणजे नळी बंद, असा अर्थ काढता येत नाही.

चित्रे वाचण्याचा क्रम डायच्या प्रवासाचाच असतो. पहिल्या एक-दोन मिलिलिटरमध्ये गर्भाशयाची पोकळी उलट्या त्रिकोणाच्या आकारात दिसू लागते. तिच्या कडा गुळगुळीत हव्यात. आत एखादी पोकळ जागा दिसली तर पॉलिप, गाठ किंवा भिंती चिकटल्याची शंका येते. म्हणूनच सुरुवातीचे चित्र महत्त्वाचे असते, कारण पोकळी गच्च भरल्यावर लहान दोष झाकले जातात. पुढे वरच्या दोन कोपऱ्यांतून दोन बारीक रेघा निघतात. त्या पुढे रुंद होतात, आणि रुंद भागात अस्तराच्या लांबट घड्या दिसल्या तर ते चांगले लक्षण मानतात. शेवटी डाय झालरीतून बाहेर पडते आणि आतड्यांच्या वळ्यांमध्ये धुरासारखी पसरते. याला ‘स्पिल’ म्हणतात. अहवालात ‘दोन्ही बाजूंना मुक्त स्पिल’ असे लिहिले असेल तर द्रवाची वाट मोकळी आहे, एवढे निश्चित कळते. टोकाशी बंद झालेली नळी याउलट फुगत जाते, घड्या नाहीशा होतात आणि डाय आतच थांबते. क्षयाने बिघडलेली नळी कधी मधून मधून आवळलेली, तर कधी कडक, घड्या नसलेल्या सरळ पाइपसारखी दिसते, आणि ओटीपोटातल्या जुन्या गाठींमध्ये साठलेले कॅल्शियमही चित्रात उमटते. चाचणीनंतर थोडा रक्तस्राव आणि एक-दोन दिवस हलकी पोटदुखी चालते. संसर्ग होण्याचे प्रमाण १०० मध्ये एक ते तीन इतके असते, पण नळ्या फुगलेल्या निघाल्या तर ते बरेच जास्त असते. अशा वेळी लगेच डॉक्सिसायक्लिनसारखे प्रतिजैविक देतात. दोन-तीन दिवसांत ताप येऊन पोट दुखू लागले तर थांबू नये.

चाचणी कुठे चुकते हे समजण्यासाठी एक प्रातिनिधिक प्रसंग तपशिलात पाहण्यासारखा आहे. २९ वर्षांची स्त्री, लग्नाला चार वर्षे, पाळी २८ ते ३० दिवसांची, पतीचे वीर्य अहवालाप्रमाणे ठीक. बारा वर्षांपूर्वी तिचे अपेंडिक्स फुटल्याने पोट उघडून शस्त्रक्रिया झालेली. पाळीच्या नवव्या दिवशी एचएसजी केली. गर्भाशय व्यवस्थित भरले. उजवी नळी भरली आणि टोकाशी डाय बाहेर आली. डावी नळी कोपऱ्याशीच थांबली. डाय आणखी दोन मिलिलिटर सोडून, काही वेळ थांबून पुन्हा पाहिले, तरी डावीकडे काही दिसले नाही. अहवालात उजवी उघडी, डावी कोपऱ्याशी बंद असे लिहिले गेले. वरवर पाहता दोष डावीकडचा. पण त्याच अहवालात आणखी एक ओळ होती: उजवीकडे बाहेर आलेली डाय पसरली नाही, टोकाभोवतीच एका डबक्यात साचून राहिली, आणि पंधरा मिनिटांनी काढलेल्या चित्रातही ती तिथेच होती.

पूर्वी फुटलेले अपेंडिक्स लक्षात घेऊन डॉक्टरांनी दुर्बीण टाकून पाहण्याचा, म्हणजे लॅपरोस्कोपीचा सल्ला दिला. भूल देऊन बेंबीजवळून दुर्बीण आत घातली आणि गर्भाशयमुखातून निळे द्रव्य, मेथिलिन ब्लू, सोडले. डाव्या नळीच्या झालरीतून निळे पाणी सहज बाहेर आले. ती नळी निरोगीच होती. एचएसजीच्या वेळी गर्भाशयाच्या कोपऱ्यातल्या स्नायूने आकुंचन पावून तिचे तोंड आवळले होते, आणि डायला उजवीकडची सोपी वाट मिळाल्याने दाबही तिकडेच गेला होता. उजव्या नळीतूनही निळे द्रव्य बाहेर आले, पण तिची झालर जुन्या संसर्गाच्या पट्ट्यांनी आतड्याजवळ जखडलेली होती आणि बीजांडकोशापर्यंत पोचूच शकत नव्हती. म्हणजे कागदावरची ‘उघडी’ नळी निकामी आणि ‘बंद’ नळी चांगली होती. पट्टे त्याच वेळी कापून झालर मोकळी केली गेली. इतका उलटा निकाल दर वेळी लागत नाही, पण त्यातल्या दोन्ही चुका दवाखान्यात नेहमी घडणाऱ्या आहेत.

पहिली चूक, आकुंचनामुळे नळी खोटी बंद दिसण्याची, इतकी वारंवार होते की केवळ कोपऱ्याशी बंद असल्याचा अहवाल अंतिम मानणे चुकीचे ठरते. पहिल्या वेळी कोपऱ्यात बंद वाटलेल्या नळ्यांपैकी निम्म्याहून अधिक नळ्या महिन्याभराने पुन्हा केलेल्या चाचणीत उघड्या आढळल्याचे एका अभ्यासात दिसले आहे. डाय घाईने, जोर लावून सोडली तर आकुंचन वाढते. म्हणून कसबी डॉक्टर द्रव कोमट ठेवतात, हळू सोडतात, मध्ये थांबतात आणि गरज पडल्यास स्नायू सैल करणारे इंजेक्शन देतात. शंका उरलीच तर क्ष-किरणांच्या मदतीने अतिशय बारीक कॅथेटर थेट नळीच्या तोंडाशी नेऊन तिथेच डाय सोडता येते. अडथळा स्रावाचा असेल तर तो कधी त्या कॅथेटरनेच मोकळा होतो. दुसरी चूक अधिक अवघड, कारण ती एक्स-रेत दिसतच नाही. डाय ही नळीच्या पोकळीचे चित्र देते, बाहेरच्या चिकटण्याचे नाही. साचलेल्या डबक्यासारख्या खुणा असल्या तरच संशय घेता येतो. नळीच्या आतले तंतू शाबूत आहेत का, झालर हलते का, हेही तिला कळत नाही. १९९५ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या विश्लेषणात लॅपरोस्कोपी प्रमाण मानून एचएसजीची परीक्षा घेतली गेली. बंद असलेल्या नळ्यांपैकी ६५ टक्के तिने ओळखल्या आणि उघड्या असलेल्यांपैकी ८३ टक्के उघड्या सांगितल्या. याचा व्यवहारातला अर्थ असा की दोन्ही बाजूंना मुक्त स्पिल दिसली आणि पूर्वी संसर्ग, क्षय किंवा पोटाची शस्त्रक्रिया नसेल, तर अहवालावर विश्वास ठेवून पुढे जायला हरकत नाही. इतिहास संशयास्पद असेल तर चित्र चांगले दिसले तरी लॅपरोस्कोपीचा विचार करावा लागतो.

एक्स-रेऐवजी सोनोग्राफीखाली सलाइन-हवेचे बुडबुडे किंवा फेस सोडून नळी तपासण्याची पद्धतही आता वापरतात. तिच्यात क्ष-किरण नसतात आणि दुखणेही बहुधा कमी असते, पण निकाल तपासणाऱ्याच्या हातावर अधिक अवलंबून असतो.

एचएसजीनंतरच्या काही महिन्यांत गर्भ राहिल्याचे डॉक्टरांना फार पूर्वीपासून आढळत आले आहे. नेदरलँड्समधील २७ रुग्णालयांनी या निरीक्षणाची पारख केली आणि निष्कर्ष २०१७ मध्ये प्रसिद्ध केले. १,११९ स्त्रियांपैकी निम्म्यांना पाण्यात मिसळणारी डाय, तर निम्म्यांना तेलातली डाय दिली गेली. तेलाची ही डाय खसखशीच्या तेलापासून बनवतात. पुढच्या सहा महिन्यांत तेलाच्या गटात १०० पैकी सुमारे ४० आणि पाण्याच्या गटात १०० पैकी सुमारे २९ स्त्रियांना टिकणारा गर्भ राहिला. नळीतला चिकट स्राव धुतला जात असावा, असा तर्क केला जातो. मात्र या अभ्यासातल्या स्त्रिया नळीचा दोष असण्याची शक्यता कमी असलेल्या होत्या. व्रणाने शिवली गेलेली नळी डायने धुऊन उघडत नाही, आणि तेलाची डाय रक्तात शिरली तर ती धोकादायक ठरू शकते, तसेच आयोडीन शरीरात बराच काळ राहिल्याने थायरॉइडवर परिणाम होऊ शकतो. म्हणून ती सर्वांसाठी नेहमीची निवड झालेली नाही.

नळ्या खरोखर बंद निघाल्या तर पुढचा मार्ग अडथळ्याच्या जागेवर आणि स्त्रीच्या वयावर ठरतो. कोपऱ्याचा अडथळा कॅथेटरने उघडता येण्याजोगा असतो. टोकाशी चिकटलेली, पण भिंत पातळ आणि अस्तर चांगले असलेली नळी तरुण स्त्रीमध्ये शस्त्रक्रियेने उघडता येते, मात्र त्यानंतर नळीतल्या गर्भाचा धोका वाढतो. दोन्ही नळ्या कडक झाल्या असतील, क्षयाच्या असतील किंवा वय ३५ च्या पुढे असेल तर शस्त्रक्रियेत वेळ न घालवता आयव्हीएफचा सल्ला देतात. ही पद्धत मुळात बंद नळ्यांसाठीच निघाली. १९७८ साली इंग्लंडमध्ये जन्मलेल्या पहिल्या टेस्ट ट्यूब बाळाच्या आईच्या दोन्ही नळ्या बंद होत्या. मुंबईत के. ई. एम. रुग्णालयात डॉ. इंदिरा हिंदुजा यांच्या देखरेखीखाली असे बाळ १९८६ च्या ऑगस्टमध्ये जन्मले. आयव्हीएफमध्ये बीज बीजांडकोशातून थेट सुईने काढतात आणि गर्भ गर्भाशयात सोडतात, त्यामुळे नळीची गरजच उरत नाही. तरीही पाण्याने फुगलेली नळी तशीच ठेवली तर तिच्यातले पाणी गर्भाशयात झिरपते, गर्भ रुजण्यात अडथळा येतो आणि यशाची शक्यता जवळपास निम्म्यावर येते. म्हणून अशी नळी आधी लॅपरोस्कोपीने काढून टाकतात किंवा गर्भाशयाजवळ क्लिप लावून बंद करतात. मूल व्हावे म्हणून नळी उघडायला आलेल्या स्त्रीला ती कायमची काढायला सांगणे विचित्र वाटते, पण त्यामागचे कारण हेच असते. क्षयाने गर्भाशयाचे अस्तरही नष्ट झाले असेल तर मात्र आयव्हीएफचेही फारसे चालत नाही, म्हणून क्षयाची शंका असलेल्या स्त्रीच्या अस्तराचा नमुना तपासून आणि औषधांचा कोर्स पूर्ण करूनच तो निर्णय घेतला जातो.